तिच्या सहीच्या पावत्या

मंगळवारी सव्वाअकराला माझी पत्नी कल्याणच्या रुग्णालयात वारली. मी खाली औषध आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. बुधवारी मुरबाडला आम्ही तिला निरोप दिला.

ती आमच्या संस्थेची खजिनदार होती. ही संस्था शहापूरला मुलींचं वसतिगृह चालवते. डोळखांबकडच्या पाड्यांवरच्या मुली अकरावी-बारावीसाठी तिथं राहतात. भातं निघाली की त्यांच्या घरचे कामाला बाहेर पडतात आणि घराला कुलूप लागतं. वसतिगृह नसेल तर मुलगीही त्यांच्याबरोबर जाते आणि तिची शाळा तिथंच संपते. पत्नी मुरबाडच्या पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर नोकरीला होती. निवृत्त झाल्यावर तिने खजिनदारी घेतली. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. आमच्या घरात पुस्तकं माझी आणि हिशेब तिचा, अशी वाटणी होती आणि ती दोघांनाही मान्य होती.

हे लिहितो आहे ते एका पत्राविषयी. ज्या देणगीदारांचे ऑनलाइन पैसे संस्थेपर्यंत पोहोचू शकले नाहीत, त्यांना पाठवायचं ते पत्र होतं. त्यात दोष कुणाच्या नावावर लिहायचा, एवढाच प्रश्न होता. संस्थेच्या लोकांना तो तिच्या नावावर लिहायचा होता.

सुरुवात तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच झाली, आणि झाली ती प्रेमापोटी. वंदना झाली, चार माणसं बोलली, मग संस्थेचे अध्यक्ष उठले. ते भातसानगरला धरणावर नोकरीला होते. आवाज असा की माइकची गरज नाही. ते म्हणाले, "वहिनींचा पहिला स्मृतिदिन होईपर्यंत त्यांचं नाव खजिनदार म्हणून तसंच राहील. फळ्यावर, कागदावर, सगळीकडे. आपल्यातल्या कुणाचाही हात ते नाव खोडायला उचलणार नाही." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मला ते फार सुंदर वाटलं. इतकी वर्षं वाचन केलेल्या माणसाला शब्दांच्या सौंदर्यापुढे पुढचं काही दिसत नाही, हे मी तेव्हा स्वतःवरूनच शिकलो.

वर्षभर नाव ठेवायचं म्हणजे काय, हे कुणी विचारलंच नाही. संस्थेच्या विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत ठाण्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदलाचा अर्ज द्यायचा असतो. आम्ही दिला नाही. बँकेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांपैकी दोघांच्या सह्या चालत, त्यामुळे चेक निघत राहिले आणि बँकेलाही कुणी काही कळवलं नाही. राहिलं देणग्यांचं पान. मोबाइलवर ते उघडायचं, रक्कम टाकायची, आपलं नाव, पत्ता आणि पॅन नंबर भरायचा आणि पैसे पाठवायचे. एक कंपनी ते गोळा करून संस्थेच्या खात्यात जमा करते. त्या कंपनीकडे संस्थेच्या वतीने अधिकृत व्यक्ती म्हणून पत्नीचं नाव होतं, तिचा पॅन होता आणि तिचा मोबाइल नंबर होता. पावतीही आपोआप निघायची. खाली तिची सही छापून येत असे, कारण एकदा कागदावर केलेली सही तिने स्कॅन करून तिथं बसवली होती.

अध्यक्ष मला म्हणाले, "सर, तुमी नुसतं बघत जा. वहिनींचा फोन तुमच्याकडंच आहे ना?"

फोन माझ्याकडेच होता. मी त्याचा रिचार्ज करत राहिलो. ओटीपी यायचा, मी तो टाकायचो, देणग्यांची यादी उतरवायचो आणि पावत्या पाठवायचो. ओटीपी आला की फोन वाजायचा. तो आवाज मला हवा असायचा. जुलै ते मार्च, जवळजवळ नऊ महिने, मेलेल्या बाईच्या सहीच्या पावत्या मी जिवंत माणसांना पाठवल्या. हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले.

मार्चमध्ये तिच्या फोनवर कंपनीचा संदेश आला. अधिकृत व्यक्तीची फेरतपासणी करायची आहे. पॅन कार्ड हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर या. मुदत दिली होती. मी संदेश वाचला, फोन टेबलाच्या खणात ठेवला आणि पुस्तक उघडलं. आणखी दोन संदेश आले. ते वाचून मी कुणाला काही बोललो नाही. कॅमेऱ्यासमोर मी कुणाला आणणार होतो? तेवढी एक गोष्ट अध्यक्षांना सांगितली असती तरी पुरलं असतं. सांगितली असती तर तिचं नाव काढावं लागलं असतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पान बंद झालं. आमच्याकडे वर्षातल्या सर्वांत जास्त देणग्या याच आठवड्यात येतात, कारण एकतीस मार्चच्या आत दिलेल्या पैशांची प्राप्तिकरात सवलत त्या वर्षी मिळते. बहुतेकांना "पेमेंट अयशस्वी" एवढंच दिसलं. पान बंद होण्याच्या घटकेला जे पैसे भरत होते, त्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि आमच्याकडे पोहोचली नाही. काहींनी तीन-तीनदा प्रयत्न केला. मग फोन सुरू झाले. पावतीवर तिचाच नंबर होता, त्यामुळे ते सगळे तिच्या फोनवर आले.

"मॅडम आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

या प्रश्नाला पहिल्या दिवशी मी काय उत्तर दिलं, ते इथं लिहीत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहापूरला बैठक बोलावली. मुरबाडहून सरळगाव-किन्हवली मार्गे एस.टी.ने गेलो. बैठक वसतिगृहाच्या जेवणघरात. अध्यक्ष, सचिव आणि मी. ओट्याशी वसतिगृहाच्या मावशी नाचणीचं पीठ चाळत होत्या. त्या डोळखांबच्या, मुलींचं जेवण आणि मुलींची शिस्त, दोन्ही त्यांच्याकडे. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, संदेशांसकट. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. "मी पत्र लिहून आणलंय. ऐका. 'माजी खजिनदारांच्या कार्यकाळातील नोंदींमधील त्रुटीमुळे आपली देणगी स्वीकारली जाऊ शकली नाही. तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत.' बस. पुढे नवीन लिंक."

मी म्हणालो, "तिच्या कार्यकाळात कुठलीही त्रुटी नव्हती."

"नव्हती हो. मला काय म्हाईत नाय का?"

"मग लिहिता कशाला?"

"सर, लोकांना कायतरी कारण द्यावं लागतं. आमी नऊ महिने झोपलो होतो, असं लिहू? उद्या देणगीदार म्हणतील, यांच्या हातात पैसे द्यायचे कशाला? इथं सतरा पोरी जेवतात." मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांना ते जमतं हे मला माहीत नव्हतं. "वहिनी असत्या ना, तर त्याच म्हणाल्या असत्या, माझं नाव घाला, पण पोरींचं बघा."

ते खरं होतं. ती तसंच म्हणाली असती. तिने तसं म्हणून मोकळं व्हायचं आणि मी ऐकायचं, असं आमच्या घरात तीस वर्षं चाललं होतं. मी म्हणालो, "ती म्हणाली असती. पण ती म्हणायला इथं नाही. आणि जी इथं नाही तिच्या डोक्यावर मी हे ठेवू देणार नाही."

सचिव म्हणाले, "सर, तुमचं दुःख आम्ही समजतो."

"दुःखाचा काही संबंध नाही. मी संदेश वाचला आणि खणात ठेवला. तिने असा एक कागद कधी खणात ठेवला नाही."

चाळण थांबली. मावशी पाठमोऱ्याच बोलल्या. "बाईंनी मला कधी कोथिंबिरीची जुडी बी बिलाशिवाय घेऊ दिली नाय. बाजारातली म्हातारी काय बिल देते? तर म्हणायच्या, तिचा अंगठा घे. मी जुडी आणू का अंगठा आणू?" मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमी म्हणता, त्यांच्या कागदात घोळ होता. बोला की. पोरी आयकतायत."

दाराशी खरंच चार-पाच मुली उभ्या होत्या. अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात टाकला. "मग लिवा तुमीच. तुमी मराठीचे मास्तर. पण माझी सही मागू नका."

"नाही मागत," मी म्हणालो.

त्या बैठकीत एवढंच झालं की निदान करायची ती कामं करायचं ठरलं. ठराव लिहून मला खजिनदार नेमलं. बँकेत मृत्यूचा दाखला आणि ठराव दिला. ठाण्याला बदलाचा अर्ज दिला आणि उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज जोडला. उशिराचं कारण या रकान्यात मी "आम्ही नाव काढू शकलो नाही" असं लिहिलं. खिडकीवरच्या माणसाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. कंपनीलाही तेच कागद पाठवले. मग एका दुपारी माझं पॅन कार्ड हातात धरून मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसलो. आधी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग डोळे मिटून उघडा. तेवढं मला करता आलं. पुढच्या सोमवारी पान सुरू झालं.

पत्र मी हाताने लिहिलं. तीन दिवस लागले. शाळेत मुलांना मी सांगत असे, मुद्दा पहिल्या वाक्यात सांगा. ते स्वतः करताना मात्र पहिलं वाक्य सर्वांत शेवटी जमलं. ते असं होतं:

"आपण पाठवलेली देणगी आमच्यापर्यंत पोहोचली नाही. यात आपली चूक नाही आणि आमच्या दिवंगत खजिनदारांचीही नाही. त्यांच्या निधनानंतर त्यांचं नाव, त्यांचा नंबर आणि त्यांची सही आम्ही बदलली नाही. फेरतपासणीचे संदेश मी वाचले आणि कुणाला सांगितले नाहीत, म्हणून पान बंद पडलं."

पुढचा भाग मी तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. पोस्टाच्या खिडकीवर ती म्हाताऱ्या माणसाला खातं समजावून देताना जशी बोलायची, तसा. आधी खातं बघा, असं ती म्हणायची. मेसेज नको, खातं. म्हणून मी लिहिलं:

"पुन्हा पैसे पाठवण्याआधी आपल्या बँकेच्या खात्यातली नोंद पाहा. रक्कम वजा झालीच नसेल, तर खालच्या नव्या लिंकवर लगेच पाठवायला हरकत नाही. रक्कम वजा झाली असेल, तर ती आमच्याकडे नाही; आपल्या बँकेकडून ती त्याच खात्यात आपोआप परत येते, बहुधा कामाच्या पाच दिवसांत. ती परत आलेली दिसल्यावरच पुन्हा पाठवा. आली नसेल, तर व्यवहाराचा क्रमांक घेऊन आपल्या बँकेत तक्रार नोंदवा. तोच क्रमांक आम्हालाही कळवा, म्हणजे आम्ही आमच्या बाजूने कंपनीला विचारू. पैसे परत मिळण्यासाठी कुणालाही पिन किंवा ओटीपी सांगायचा नसतो. संस्थेच्या नावाने असा फोन आला, तर तो आमचा नाही."

ज्यांना ऑनलाइनचा कंटाळा आला असेल, त्यांच्यासाठी संस्थेच्या नावाचा चेक किंवा थेट खात्यात भरणा, असे दोन मार्ग दिले. थेट भरणा करणाऱ्यांनी नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहाराचा क्रमांक कळवावा, नाहीतर पैसे कुणाचे हे आम्हाला समजत नाही आणि पावती अडकते, असंही लिहिलं. मग पावत्या. "पैसे ज्या दिवशी संस्थेला मिळतील, त्याच दिवसाची पावती मिळेल. मार्चमध्ये अयशस्वी झालेला प्रयत्न म्हणजे मार्चमधली देणगी नव्हे. एप्रिलमध्ये मिळालेल्या पैशांना मार्चची तारीख घालता येणार नाही. या चुकीने आपली एका वर्षाची सवलत गेली असेल, तर त्याची जबाबदारी आमची आहे. पण ती खोटी तारीख घालून भरून काढणार नाही." प्राप्तिकरासाठी लागणारं वर्षाचं प्रमाणपत्र संस्थेने विवरण भरल्यानंतरच निघतं, म्हणजे वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत, तेही सांगितलं.

शेवटचा परिच्छेद, त्या नऊ महिन्यांत ज्यांना पावत्या गेल्या होत्या त्यांच्यासाठी. "आपले पैसे आम्हाला मिळाले, हे खरं आहे. त्या पावतीवरची सही खरी नव्हती. जुन्या पावतीचा क्रमांक आणि पैसे मिळाल्याची तारीख तीच ठेवून, नवी पावती माझ्या सहीने पाठवत आहे." आमचे हिशेबतपासनीस हे वाचून म्हणाले, "असं उघड कुणी लिहीत नाही, सर."

"चूक आहे का त्यात?"

"चूक काही नाही. तेच करायला हवं होतं."

अध्यक्षांना एक प्रत पाठवली. त्यांचा फोन आला. "यात तुमी स्वतःला लय मारलंय."

"जेवढं होतं तेवढंच लिहिलं."

"'पत्नीवियोगाच्या दुःखात असल्याने' एवढं तरी घाला. लोक समजून घेतील."

"नको. मी दुःखात होतो म्हणून वाचलं नाही, असं नाही. मी वाचलं."

पत्र गेलं. ज्यांचे पत्ते होते त्यांना टपालाने, बाकीच्यांना मोबाइलवर फोटो काढून. तिसऱ्या दिवशी आमच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांचा फोन आला. ते ठाण्याला राहतात, दरवर्षी आईच्या स्मरणार्थ देतात. माणूस गोड.

"सर, पत्र वाचलं. फार प्रांजळ. मी आज पुन्हा पाठवतो. फक्त पावती एकतीस मार्चची करा."

"पैसे आज येतील."

"अहो, माझे निघाले होते एकोणतीसला! परत आले दोन तारखेला, त्यात माझा काय दोष?"

"तुमचा काहीच दोष नाही. पण ते आमच्याकडे आले नाहीत."

ते हसले. "तुम्ही शिक्षक होता ना? कधी कुणाला पासापुरता एक मार्क वाढवून दिला नाही?"

"दिला. पण पेपरला बसलेल्याला."

मग ते म्हणाले, "मॅडम असत्या तर त्यांनी मार्ग काढला असता."

तोपर्यंत मी शांत होतो. त्या वाक्यावर उठून उभा राहिलो. मी म्हणालो, "साहेब, पोस्टात एका आमदाराच्या माणसाने तिला पासबुकात मागची तारीख घालायला सांगितली होती. तिने त्याला रांगेत मागे उभं केलं, आणि त्याची पाळी आल्यावर आजची तारीख घातली. तुम्हाला जी मॅडम वाटते, ती मला माहीत नाही. ही माझी बायको होती."

त्यांनी फोन ठेवला. पैसे पाठवले नाहीत. पुढच्या वर्षीही पाठवले नाहीत. ते बोलणं मी त्याच दिवशी अध्यक्षांना सांगितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणाले, "खरंच रांगेत उभं केलं होतं?"

"अर्धा तास."

"मला कधी सांगितलं नाय वहिनींनी." मग म्हणाले, "त्या पत्राच्या खाली जागा शिल्लक आहे का हो?"

मी म्हणालो, पत्र गेलं, आता जागा असून उपयोग नाही. ते म्हणाले, फायलीतल्या प्रतीवर तर आहे. पुढच्या खेपेला शहापूरला गेलो तेव्हा त्यांनी फाइल मागितली आणि माझ्या सहीशेजारी सही केली. ती प्रत कुणालाही पाठवायची नव्हती.

सगळे देणगीदार परतले नाहीत. काहींनी पत्राला उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं की अशा बेफिकीर संस्थेवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. त्याचं म्हणणं मला मान्य आहे आणि मी त्याला तसं कळवलं. बाकीच्या बहुतेकांनी खातं तपासून पुन्हा पाठवले. दोघांनी घाईत दोनदा पाठवले. त्यांना विचारून एकाचे परत केले, दुसऱ्याने राहू द्या म्हटलं. मुरबाडच्या एका निवृत्त कंडक्टरने चेक घेऊन माझं घर गाठलं, कारण त्याचा मोबाइलवर विश्वास नाही. त्याने पावती नीट वाचली, तारीख पाहिली आणि माझं नाव बोटाने दाखवून विचारलं, "आता तुमी का?"

"मी."

"बाई कडक होत्या."

"होत्या," मी म्हणालो.

त्या वर्षी वसतिगृहासाठी आणखी एक खोली भाड्याने घ्यायची राहून गेली. मुली दाटीने राहिल्या, पण कुणाला परत पाठवावं लागलं नाही. स्मृतिदिन शहापूरला जेवणघरातच केला. अध्यक्ष बोलले, थोडंच बोलले.

आता संस्थेचे देणगीदार पूर्वीपेक्षा कमी आहेत. वसतिगृहात अठरा मुली आहेत. महिन्यातून दोनदा मी एस.टी.ने शहापूरला जातो, पावत्या तपासतो आणि संध्याकाळच्या गाडीने मुरबाडला परत येतो. घरी मी एकटाच असतो.